नकाशा दिसत नसला तरी वारा दिसतो

1848 साली कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी खलाशांसाठी एक पुस्तक काढले. त्यासोबत शिंगापासून बनवलेल्या पातळ, पारदर्शक चकत्या होत्या. चकतीवर एकात एक वर्तुळे आणि वर्तुळांवर वाऱ्याचे बाण कोरलेले असत. समुद्रात वादळाची चाहूल लागली की कप्तानाने आपल्या गलबतावरचा वारा कुठून येतोय ते पाहायचे, सागरी नकाशावर चकती ठेवायची आणि गलबताच्या जागी तसाच बाण येईल अशी सरकवायची. मग चकतीच्या मध्यबिंदूकडे पाहिले की वादळाचे केंद्र गलबताच्या कोणत्या बाजूला आहे ते कळत असे. त्या काळी बोटीवर हवामानाचा नकाशा नव्हताच. होता तो फक्त अंगावर येणारा वारा आणि भिंतीवरचा वायुदाबमापक.

आज नकाशा असतो, पण नेमक्या गरजेच्या वेळी तो हाती लागेलच असे नाही. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या ट्रॉलरवर मोबाइलच्या कमकुवत सिग्नलमध्ये मजकूर उतरतो आणि चित्राची जागा रिकामी राहते. रेडिओवरच्या इशाऱ्याला चित्र नसतेच. दृष्टिहीन वाचकाला तर चित्र असूनही नसल्यासारखे, कारण पडदा वाचून दाखवणारी यंत्रणा समभार रेषा वाचत नाही. अशा वेळी हातात उरतात ते काही आकडे: या ठिकाणी दाब इतका, वारा इतक्या अंशांवरून, वेग इतका.

ते पुरेसे असतात, कारण मूळ नकाशाही त्यांच्यावरूनच काढलेला असतो. समभार रेषा कोणताही उपग्रह टिपत नाही. भारतीय हवामान विभाग 1875 मध्ये स्थापन झाला. 1928 मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. अशा कार्यालयांत कित्येक दशके कोऱ्या नकाशावर प्रत्येक ठिकाणचे आकडे हाताने मांडले जात आणि मग पेन्सिलीने समान दाबाच्या ठिकाणांमधून रेषा ओढल्या जात. आज हे काम संगणक करतो, पण पद्धत तीच आहे.

आकडे येतात कसे, ते आधी पाहू. हवामान केंद्रांच्या नोंदी जगभर एकाच सांकेतिक भाषेत फिरतात. समजण्यासाठी रचलेला हा एक नमुना. तो कोणत्याही प्रत्यक्ष दिवसाचा नाही:

```
AAXX 03094
43057 41496 80630 10260 20250 39948 49960
333 59110=
```

पहिल्या ओळीत महिन्याची 3 तारीख आणि ग्रिनिच वेळेचे 9 वाजले आहेत, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. शेवटचा 4 हा आकडा वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजलाय असे सांगतो. 43057 हा कुलाब्याच्या केंद्राचा क्रमांक. त्यानंतरचा गट दृश्यमानता वगैरेंचा, तो इथे सोडून देता येतो. 80630 मात्र सोडायचा नाही. त्यातला पहिला 8 म्हणजे आभाळ पूर्ण झाकलेले, 06 म्हणजे 60 अंशांवरून येणारा वारा आणि 30 म्हणजे तीस नॉट, साधारण 55 किलोमीटर प्रतितास. अंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायचे: 90 पूर्व, 180 दक्षिण, 270 पश्चिम. साठ अंश म्हणजे ईशान्य आणि पूर्व यांच्या मधली दिशा. हा आकडा वारा कुठून येतोय ते सांगतो, कुठे जातोय ते नाही. इथे गफलत झाली तर पुढचा सगळा नकाशा उलटा होतो.

1 आणि 2 ने सुरू होणारे गट तापमान आणि दवबिंदूचे. त्यांच्यामागून येतात दाबाचे दोन गट, आणि नवशिका हमखास अडखळतो तो इथेच. 3 ने सुरू होणारा गट केंद्राच्या जागेवरचा प्रत्यक्ष दाब सांगतो: 994.8 हेक्टोपास्कल. (हेक्टोपास्कल आणि जुना मिलिबार एकच.) 4 ने सुरू होणारा गट तोच दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतो: 996.0. कुलाब्याचे केंद्र समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच, म्हणून फरक थोडा. पुणे मात्र सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. साधारण साडेआठ-नऊ मीटर वर गेले की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो, त्यामुळे पुण्यातला प्रत्यक्ष दाब चांगल्या स्वच्छ दिवशीही 950 च्या आसपास असतो. चुकून तो 3 चा आकडा नकाशावर मांडला, तर शनिवारवाड्यावर महाभयंकर चक्रीवादळ उभे राहील. नकाशासाठी घ्यायचा तो 4 चा गट. मोबाइलमधला वायुदाबमापकही बहुधा प्रत्यक्ष दाबच दाखवतो. पाचव्या मजल्यावर घेतलेली नोंद आणि तळमजल्यावरची नोंद यांत दोनेक हेक्टोपास्कलचा फरक पडतो, आणि समुद्रकिनाऱ्यावरचा नकाशा दोन हेक्टोपास्कलच्या फरकानेही बदलतो.

शेवटच्या ओळीतला 59110 सांगतो की चोवीस तासांत दाब 11.0 हेक्टोपास्कलने घसरला. 59 म्हणजे घट, 58 म्हणजे वाढ. चोवीसच तास का? उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज स्वतःहून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला पुन्हा वर आणि पहाटे चारला पुन्हा खाली. मुंबईत या भरतीओहोटीत दोन ते चार हेक्टोपास्कल सहज येजा करतात. ज्याने सकाळी साडेआठचा आकडा पाहिला आणि संध्याकाळी साडेपाचचा पाहून दाब पडला म्हणून घाबरला, त्याने फक्त रोजची ओहोटी पाहिली. आजच्या साडेआठची तुलना कालच्या साडेआठशीच करायची. त्या तुलनेतही तीन हेक्टोपास्कल कमी भरले, तर मात्र काहीतरी येते आहे.

आता वाऱ्याकडे. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, पण पृथ्वी फिरते आहे, म्हणून उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळत जाते. अखेर ती कमी दाबाकडे सरळ न जाता त्याला डावीकडे ठेवून, समभार रेषांच्या जवळजवळ समांतर वाहते. 1857 मध्ये युट्रेक्टच्या बाइस बॅलट यांनी हा नियम नोंदींवरून मांडला: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. जमिनीचे आणि लाटांचे घर्षण यात थोडा बदल करते. त्याने वाऱ्याचा वेग कमी होतो आणि तो रेषा ओलांडून कमी दाबाच्या दिशेने जरा आत शिरतो. समुद्रावर हा कोन दहा ते वीस अंशांचा, खडबडीत जमिनीवर तीसपर्यंत. म्हणजे कमी दाब डाव्या हाताला, पण थोडा पुढच्या अंगाला.

याचे एका बेरजेत रूपांतर करता येते. घर्षणाचा कोन सरासरी वीस अंश धरला, तर वारा ज्या अंशांवरून येतोय त्यात 110 मिळवायचे. उत्तर 360 च्या वर गेले तर 360 वजा करायचे. जो आकडा येईल त्या दिशेला कमी दाबाचे केंद्र. दक्षिणेचा वारा म्हणजे 180, अधिक 110, म्हणजे 290: केंद्र पश्चिमेला, किंचित वायव्येकडे झुकलेले. एका ठिकाणच्या वाऱ्यावरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. दोन ठिकाणांच्या दिशा एकमेकींना छेदतात तिथे केंद्र असते आणि तिसरे ठिकाण त्याची तपासणी करते.

3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ घेऊ. कोकणाला त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले, ताशी 100 ते 110 किलोमीटर वाऱ्याने आणि 120 पर्यंतच्या झोतांनी. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. अशा स्थितीत तीन ठिकाणचे वारे साधारण कसे असावेत, हे वरच्या नियमाने बसवून पाहू. आकडे त्या दिवसाच्या नोंदवहीतले नाहीत, सरावासाठी मांडलेले आहेत: कुलाबा 60 अंश, पुणे 150 अंश, रत्नागिरी 230 अंश.

कुलाब्यातून बेरीज येते 170. दक्षिण म्हणजे 180, म्हणून रेषा कुलाब्याहून जवळजवळ सरळ दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे झुकून खाली जाते. पुण्याची बेरीज 260, म्हणजे पश्चिम, थोडी दक्षिणेला कललेली. रत्नागिरीची 340, म्हणजे उत्तर, थोडी पश्चिमेला. शाळेच्या भूगोलाच्या नकाशावर पट्टी आणि कोनमापक घेऊन या तीन रेषा ओढल्या, तर पुण्याची रेषा मुरूड-जंजिऱ्याच्या आसपास बाकीच्या दोन्ही रेषांना छेदते. केंद्र तिथेच किंवा जवळपास. ज्यांना नकाशाही दिसत नाही त्यांना दिशा मनात धरून हेच करता येते: मुंबईच्या दक्षिणेला, पुण्याच्या पश्चिमेला, रत्नागिरीच्या उत्तरेला. किनाऱ्याची ओळख असलेल्या माणसाला तो पट्टा सांगायला एवढे बस्स होते.

केंद्र सापडले की रेषा ओढायच्या. त्यासाठी दाबाचे आकडे लागतात. समजा, रत्नागिरीला 1001 आणि पणजीला 1003 आहे. दोन्हींमधले अंतर सरळ रेषेत सुमारे 175 किलोमीटर. मग 1002 ची समभार रेषा या वाटेच्या मध्यावर, म्हणजे देवगड आणि मालवण यांच्या दरम्यान कुठेतरी किनारा ओलांडते. ती कोणत्या दिशेने जाते, हेही वाराच सांगतो. तिथला वारा रत्नागिरीसारखाच 230 अंशांवरून येत असेल, तर तो जातो 50 अंशांकडे. घर्षणामुळे तो डावीकडे, कमी दाबाकडे झुकलेला आहे. तो झुकाव काढून टाकण्यासाठी वीस अंश उजवीकडे यायचे: 70. म्हणजे रेषा पश्चिम-नैऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे जाते. प्रत्येक ठिकाणी रेषेचा असा एक छोटा तुकडा मिळतो. तुकडे जोडत गेले की केंद्राभोवती गोल फिरणारी रेषा तयार होते.

केंद्राजवळ मात्र असे सम वाटप चालत नाही. निसर्गाच्या केंद्रातला दाब अंदाजे 984 होता. नमुन्यातला कुलाब्याचा 996 धरला, तर साठेक किलोमीटरमध्ये बारा हेक्टोपास्कल, तर रत्नागिरी ते पणजी 175 किलोमीटरमध्ये फक्त दोन. बाहेर विरळ आणि आत दाट, असेच रेषांचे अंतर असते, आणि ते बारा हेक्टोपास्कलही साठ किलोमीटरवर सारखे पसरलेले नसतात. बहुतेक घसरण केंद्रालगतच होते. रेषा जितक्या दाट तितका वारा जोराचा. म्हणून चक्रीवादळाच्या लेखी इशाऱ्यात केंद्राचे अक्षांश-रेखांश, केंद्रातला दाब आणि कमाल वारा हे तिन्ही आकडे दिलेले असतील, तर आतला भाग अंदाजाने रंगवण्याऐवजी ते आकडे जसेच्या तसे घ्यावेत.

रेषांच्या दाटीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण युरोपातली पुस्तके वाचून शिकणाऱ्यांची इथे फसगत होते. पृथ्वीच्या फिरण्याने हवेला मिळणारे वळण ध्रुवाकडे जास्त आणि विषुववृत्ताकडे कमी असते. त्यामुळे रेषांमधले अंतर सारखेच असले, तरी हिशेबाने कोकणातला वारा इंग्लंडच्या दक्षिणेतल्या वाऱ्याच्या दुपटीहून अधिक भरतो. तिथे चार-चार हेक्टोपास्कलवर ओढलेल्या रेषा पुरतात, आपल्याकडे दोन-दोनवर ओढाव्या लागतात, आणि एका हेक्टोपास्कलच्या चुकीलाही इथे किंमत असते. विमानतळांच्या नोंदींमध्ये दाब पूर्ण आकड्यात, खाली उतरवून दिलेला असतो. 1003.9 तिथे 1003 होतो. दोन विमानतळांच्या अशा आकड्यांमधून रेषा नेमकी ओढल्याचा आव आणता येणार नाही.

ही सगळी रीत जोरदार वाऱ्यासाठी आहे. शांत दिवशी किनाऱ्यावर दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री मतलई वारा जमिनीकडून. दोन्हींचा दूरच्या कमी दाबाशी काही संबंध नसतो. फेब्रुवारीच्या दुपारी मुंबईत पश्चिमेचा वारा पाहून त्यात 110 मिळवले, तर कुठेतरी उत्तरेला एक कमी दाब सापडेल, जो तिथे नाही. सह्याद्रीच्या खिंडींत वारा खिंडीच्या दिशेने वाहतो, मग दाब कुठेही असो. म्हणून दहा नॉटच्या आतला वारा सोडून द्यावा, पंधरा नॉटच्या वरच्याला भाव द्यावा, आणि दिवसरात्र दिशा न बदलणाऱ्या वाऱ्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवावा. तीन रेषांचा त्रिकोण शंभर किलोमीटर मोठा आला, तर समजावे की एखादे केंद्र स्थानिक वारा सांगते आहे किंवा त्या परिसरात कमी दाबाचे गोल केंद्र नसून लांबट द्रोणी आहे.

एका क्षणाच्या आकड्यांपेक्षा दोन-तीन तासांच्या आकड्यांची रांग जास्त सांगते. निसर्ग ईशान्येकडे सरकत होते. मुंबई त्याच्या वाटेच्या डाव्या हाताला. केंद्र आधी मुंबईच्या दक्षिण-नैऋत्येला, मग दक्षिणेला, मग आग्नेयेला. उलट वजाबाकी केली, म्हणजे केंद्राच्या दिशेतून 110 काढले, तर मुंबईतला वारा आधी पूर्वेचा, मग ईशान्येचा, मग उत्तरेकडचा होत जायला हवा. तो घड्याळाच्या उलट फिरतो. वाऱ्याची दिशा अशी उलट फिरत असेल, तर तुम्ही वादळाच्या वाटेच्या डाव्या बाजूला आहात. आणि हा वारा मुंबईत जमिनीवरून समुद्राकडे जाणारा होता. भाकितांनी मुंबईला मोठा धोका दाखवला होता, तरी शहर तुलनेने कमी नुकसानीवर सुटले, त्यामागे वाऱ्याच्या या दिशेचाही वाटा होता. रत्नागिरी उजव्या बाजूला होती. तिथे वारा दक्षिणेकडून नैऋत्येकडे, घड्याळाच्या दिशेने फिरत सरळ समुद्रावरून जमिनीवर येणार. त्याच दिवशी रत्नागिरीजवळ बसरा स्टार नावाचे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले.

अकरा महिन्यांनी, 17 मे 2021 रोजी, तौक्ते मुंबईच्या पश्चिमेने समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि रात्री सौराष्ट्रात दीव-उना परिसरात जमिनीवर आले. त्याचे केंद्र निसर्गापेक्षा मुंबईपासून बरेच दूर होते. पण या वेळी शहर वाटेच्या उजव्या हाताला होते. केंद्र पश्चिमेला, म्हणजे 270, वजा 110: वारा 160 अंशांवरून, दक्षिण-आग्नेयेचा. केंद्र वायव्येला सरकल्यावर 315 वजा 110, म्हणजे 205: दक्षिण-नैऋत्येचा. तो वारा मुंबई बंदराच्या तोंडातून आत येणारा. त्या दिवशी गेटवे ऑफ इंडियासमोर लाटा धक्क्याच्या भिंतीवर आदळून आत उसळत होत्या. सकाळी सात वाजता ज्याच्याकडे फक्त दोन ओळी होत्या, मुंबईत वारा आग्नेयेचा आणि दर तासाला दक्षिणेकडे सरकणारा, दाब कालच्या याच वेळेपेक्षा खाली, त्याला वादळ कोणत्या हाताने जाणार आणि बोट बंदराच्या कोणत्या बाजूला बांधणे धोक्याचे, हे नकाशाशिवाय ठरवता आले असते.